अर्ध्यात सुटलेला पेपर

बारावीचा बी.के.चा पेपर, म्हणजे पुस्तपालन व लेखाकर्म. अकराला घंटा झाली. बारा वाजून पाच मिनिटांनी ब्लॉक सातमधून शिपाई धावत आला. "सर, पोरीला उलटी झाली. बेंचवरच." मी केंद्र संचालक होतो. जाऊन पाहिलं तर मुलगी भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे, एका हाताने पोट दाबलेलं आणि दुसरा हात अजून उत्तरपत्रिकेवर. कागद भिजू नये म्हणून तिने तो वेळेत बाजूला ओढला होता.

तिला शिक्षक खोलीत आणलं, सोबत एक महिला पर्यवेक्षक दिली. ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर यायला पस्तीस मिनिटं लागली. जुलाब सकाळपासूनच होते, हे तिने तेव्हा सांगितलं. घरी सांगितलं असतं तर आईने पेपरला पाठवलं नसतं, म्हणून गप्प बसली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओआरएस पाजलं आणि सलाइन लावायला हवं म्हणाले. मुलगी रडायला लागली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी जे बोललो ते जवळपास प्रत्येक केंद्र संचालक बोलतो: "बस बाळा. जमेल तेवढं लिही. वर्ष वाया जायला नको."

ती पावणेएकला परत ब्लॉकमध्ये गेली. सव्वाएकपर्यंत काहीतरी लिहिलं. पुढे दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत बाकावर डोकं ठेवून पडून राहिली. त्या रात्री तिला सलाइनच्या तीन बाटल्या लागल्या. चार दिवसांनी पुढच्या पेपरला ती व्यवस्थित आली.

निकाल लागला. मराठी ८४, इंग्रजी ७१, अर्थशास्त्र ८८, वाणिज्य संघटन ९०, चिटणिसाची कार्यपद्धती ८६. बी.के.मध्ये लेखी ८० पैकी २२ आणि अंतर्गत २० पैकी १९, म्हणजे ४१. उत्तीर्ण! एकूण ६०० पैकी ४६०, शेकडा ७६.६७. वर्षभर माझ्या वर्गात तिचे बी.के.चे गुण नव्वदीच्या आसपास असायचे. ते नव्वद धरले तर बेरीज ५०९ होते, म्हणजे ८४.८३. शहरातल्या ज्या कॉलेजात तिला बी.कॉम.ला जायचं होतं, तिथली यादी या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बंद झाली.

माझा सल्ला चुकला होता का, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. नंतर माझ्या ध्यानात आलं की त्या क्षणी बरोबर सल्ला द्यायला नियमाने जागाच ठेवलेली नव्हती. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

आज काय आहे ते आधी सांगतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत मूल वर्गात आजारी पडलं तर पर्यवेक्षक केंद्र संचालकाला कळवतो. प्रथमोपचार होतात, गरज पडली तर डॉक्टर बोलावतात, आणि मूल बरं वाटल्यावर उरलेल्या वेळात लिहू शकतं. वेळ मात्र वाढत नाही. घड्याळ सगळ्यांचं एकच. जाण्याइतकी तब्येत बिघडली तर उत्तरपत्रिका जमा करायची, प्रश्नपत्रिका पेपर संपेपर्यंत बाहेर न्यायची नाही, आणि केंद्राच्या नोंदीत काय झालं ते वेळेसह लिहायचं. इथे केंद्राचं काम संपतं. ती उत्तरपत्रिका बाकीच्यांसारखीच गठ्ठ्यात जाते, बारकोडखाली ओळख झाकली जाते आणि परीक्षकासमोर येते. परीक्षकाला समजायला काही मार्ग नसतो की या मुलीने तिसऱ्या पानावर लिखाण का थांबवलं. त्याच्या दृष्टीने ती अभ्यास न केलेली मुलगी.

आता दुसरी मुलगी घ्या. तिलाही तेच जुलाब, पण ती घरीच राहिली. ती त्या विषयात अनुपस्थित, म्हणून अनुत्तीर्ण. पण अनुत्तीर्ण असल्यामुळेच तिचा तो विषय मोकळा राहतो. पुरवणी परीक्षा असते, पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये व्हायची, नंतर जुलैवर आली, आणि २०२५ मध्ये तर जूनच्या अखेरीसच सुरू झाली. तिथे ती तो एक विषय देते, पूर्ण तीन तास, ठणठणीत तब्येतीने. धाडस करून आलेल्या मुलीचा विषय मात्र ४१ गुणांवर 'उत्तीर्ण' म्हणून बंद झालेला असतो. तिला उरते श्रेणीसुधाराची, म्हणजे गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याची वाट. ती वाट वाईट नाही, पण ज्याला ज्याला आपले गुण कमी वाटतात त्या सगळ्यांसाठी ती आहे. त्या अर्जात आजारपणाचा रकाना नाही. ज्याने आळस केला आणि जी बाकावर ओकली, ती दोघं त्या रांगेत एकामागे एक उभी असतात.

म्हणजे आपली व्यवस्था मुलांना नकळत शिकवते की बरं वाटत नसेल तर येऊ नकोस. आलीस तर अडकशील. आणि आम्ही शिक्षक मात्र उलटं शिकवतो.

दहावीला याचा त्रास थोडा कमी जाणवतो, कारण तिथे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहा विषयांपैकी चांगल्या पाचांची टक्केवारी धरतात, त्यामुळे एखादा पेपर कोलमडला तरी तो टक्केवारीतून गळून पडतो. वाईट दिवसासाठी ठेवलेली ही एक छोटी गादीच आहे, जरी ती त्यासाठी ठेवलेली नसली तरी. बारावीला ती गादी नाही. म्हणून मी बारावीबद्दलच बोलतो.

मंडळाला आजारपण मुळीच कळत नाही असं मात्र म्हणता येणार नाही, आणि मला सगळ्यात खटकतं ते हेच. प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षेच्या वेळी मूल आजारी असेल किंवा दुसरी खरी अडचण असेल, तर लेखी परीक्षा आटोपल्यावर त्याची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी घेतात. कॉलेजांत तिला सरळ 'आउट ऑफ टर्न' म्हणतात, आणि वेळापत्रकात तिच्या तारखाही येतात. म्हणजे वैद्यकीय कारणाने परीक्षा पुढे ढकलणं, नंतर वेगळी घेणं आणि तिचे गुण त्याच गुणपत्रिकेत, त्याच महिन्याच्या निकालात धरणं, हे सगळं मंडळ दरवर्षी करतं. रसायनशास्त्राच्या ३० गुणांसाठी करतं. त्याच विषयाच्या ७० गुणांसाठी करत नाही.

यावर मला एकदा एका अनुभवी सहकाऱ्याने उत्तर दिलं. प्रात्यक्षिकाला प्रश्नपत्रिका सगळीकडे एक नसते, म्हणून ती नंतर घेता येते. लेखी पेपर राज्यभर एकच असतो, तो एकदा सगळ्यांसमोर आलेला असतो, नंतर घ्यायचा तर नवा काढावा लागतो. उत्तर बरोबर आहे. पण नवा पेपर तर मंडळ काढतंच. पुरवणी परीक्षेसाठी प्रत्येक विषयाचा वेगळा संच निघतो आणि त्यावर उत्तीर्ण झालेल्याचं प्रमाणपत्र फेब्रुवारी-मार्चवाल्याइतकंच चालतं. दोन पेपर एकाच तोलाचे आहेत हे मंडळाने मान्य केलेलंच आहे. मग प्रश्न उरतो तो पेपर कधी घ्यायचा आणि कुणाला बसू द्यायचं, एवढाच.

माझं म्हणणं तीन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे: गेलेली वेळ परत द्या. माझ्या केंद्रावर त्या मुलीची चाळीस मिनिटं शिक्षक खोलीत गेली, आणि त्या चाळीस मिनिटांत एक पर्यवेक्षक तिच्यासमोर बसून होती. ती कुणाशी बोलली नाही, तिने काही वाचलं नाही, याला साक्षीदार आहे. केंद्र त्यानंतरही उघडंच असतं, कारण दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याच खोलीत, त्याच पर्यवेक्षकासमोर आणखी एक मुलगी चाळीस मिनिटं बसली तर काय कोसळणार आहे? ज्या केंद्रावर असे जादा वेळेचे विद्यार्थी नसतील तिथे उत्तरपत्रिका जमा होतात त्या कस्टडीकडे जाणारा गठ्ठा थोडा उशिरा निघेल. तो नेणारा रनर कुरकुरेल. (रनर तसाही कुरकुरतो.)

डोकेदुखी, चक्कर, नाकातून रक्त, उष्म्याचा त्रास, मासिक पाळीच्या कळा, अशी जी मुलं अर्ध्या तासात सावरतात, त्यांचं एवढ्यावर भागेल. माझ्या अनुभवात वर्गात आजारी पडणाऱ्यांत अशीच मुलं जास्त असतात. त्यांना पुनर्परीक्षा नकोच असते. त्यांना ती गेलेली वीस मिनिटं हवी असतात.

दुसरी पायरी जी मुलं सावरत नाहीत त्यांच्यासाठी. त्यांना आपली उत्तरपत्रिका मागे घेण्याचा हक्क हवा. त्या दिवशी वर्गात तब्येत बिघडल्याची नोंद केंद्रावर असेल आणि त्याच दिवशीच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा कागद असेल, तर विद्यार्थ्याने दोन दिवसांत लेखी कळवायचं की हा पेपर तपासू नका. मग त्या विषयात तो अनुपस्थित धरला जाईल आणि नंतरच्या परीक्षेला पहिली संधी म्हणून बसेल. एकदा मागे घेतलेली उत्तरपत्रिका पुन्हा जिवंत होणार नाही. दोन्हीतले चांगले गुण घेऊ, ही सोय नाही. या एका अटीमुळे लबाडीचं बरंचसं आकर्षण संपतं, ते कसं हे पुढे सांगतो.

तिसरी पायरी महाग आहे, म्हणून तिच्याबद्दल मी जपून बोलतो. पुरवणी परीक्षेचा निकाल येईपर्यंत पदवीच्या पहिल्या गुणवत्ता याद्या लागून गेलेल्या असतात. त्यामुळे नुसता विषय मोकळा ठेवून उपयोग अर्धाच. खरा उपाय म्हणजे प्रात्यक्षिकासारखी लेखीचीही आउट ऑफ टर्न परीक्षा: शेवटचा पेपर झाल्यावर आठ-दहा दिवसांत, प्रत्येक विभागीय मंडळाच्या गावी एक केंद्र, म्हणजे राज्यात नऊ. तिथल्या उत्तरपत्रिका बाकीच्या गठ्ठ्यांबरोबरच तपासल्या जातील आणि निकाल त्याच दिवशी लागेल. अडचण आहे ती विषयांची. बारावीला दीडशेच्या आसपास विषय आहेत आणि प्रत्येकाचा तिसरा संच काढा म्हणणं सोपं असलं तरी शहाणपणाचं नाही. जास्त विद्यार्थ्यांचे वीस-बावीस विषय आधी घ्यावेत, बाकीच्यांना पुरवणी परीक्षेची वाट ठेवावी. ज्याचा विषय त्या यादीत नाही त्याच्यावर अन्याय होईल, हे मला मान्य आहे. आज सगळ्यांवरच होतो.

आता लबाडीकडे येऊ. हा विषय कुठल्याही शिक्षक खोलीत काढून बघा, पहिलं वाक्य ठरलेलं: "मेडिकल सर्टिफिकेट काय, बाजारात मिळतं." खरं आहे. मी स्वतः चाळीस वर्षांत जेवढी कावीळ आणि टायफॉइड कागदावर पाहिला तेवढा गावात पसरला असता तर गाव रिकामं झालं असतं. म्हणूनच घरी आजारी पडलेला आणि वर्गात आजारी पडलेला या दोघांत मी फरक करतो, आणि लोक इथेच गल्लत करतात. घरच्या आजारपणाला फक्त कागदाचा आधार. वर्गातल्या आजारपणाला पर्यवेक्षक, पंचवीस मुलांचा ब्लॉक, केंद्र संचालक, बहुतेक वेळा बैठं पथक, आणि अर्धवट राहिलेली उत्तरपत्रिका, एवढे साक्षीदार असतात. उत्तरपत्रिका तर फार बोलते. पहिल्या तीन पानांवरचं सरळ, नेटकं अक्षर चौथ्या पानावर ओळ सोडून खाली उतरायला लागतं, आकड्यांचे रकाने वाकडे होतात, बेरीज अर्ध्यात थांबते. ज्याला येत नाही तो असा थांबत नाही. तो प्रश्न निवडत उड्या मारतो, मधे जागा सोडतो, काहीतरी खरडून ठेवतो. पेपर तपासणाऱ्या कुणालाही हा फरक दाखवला तर तो लगेच ओळखेल.

तरी एक चतुर मुलगा उरतोच. पेपर अवघड निघाला, म्हणून साडेअकराला पोट धरून बसला. त्याला काय मिळेल? पहिल्या पायरीत काहीच नाही, कारण शिक्षक खोलीत पर्यवेक्षकासमोर वेळ काढून तेवढीच वेळ परत मिळते. दुसऱ्या पायरीत त्याला सरकारी डॉक्टरकडे जावं लागेल, पेपर कायमचा सोडावा लागेल आणि पुढच्या पेपरसाठी तोच अभ्यास पुन्हा करावा लागेल, तोही सोपा असेलच याची खात्री नाही. एवढं करायला तयार असलेला मुलगा आजही सरळ घरी झोपून पुरवणी परीक्षा देऊ शकतो. त्याच्यासाठी वाट आधीच उघडी आहे. ज्या वाटेने लबाड आत्ताच जातो ती बंद न करता खऱ्या आजाऱ्याची तेवढी अडवायची, याला मी शिस्त म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षांत याहून वेगळी पद्धत आहे. मूल आजारी असूनही पेपरला बसलं तर शाळा परीक्षा मंडळाकडे 'विशेष विचारा'चा अर्ज करते, आणि त्रासाच्या प्रमाणात त्या पेपरच्या एकूण गुणांच्या थोडे टक्के गुण वाढवून मिळतात. किरकोळ त्रासाला एक टक्का, अगदी गंभीर प्रसंगाला जास्तीत जास्त पाच. एखादा पेपर पूर्णच चुकला तर त्या विषयाच्या बाकीच्या पेपरांवरून श्रेणी काढतात, मात्र विषयाचं ठरावीक मूल्यमापन तरी झालेलं असावं लागतं. ऐकायला छान आहे. पण ते आपल्याकडे आणू नये असं मला वाटतं. तिथे एका विषयाचे दोन-तीन पेपर असतात म्हणून उरलेल्यांवरून अंदाज बांधता येतो. आमच्या बी.के.चा लेखी पेपर एकच, आणि उरलेले २० गुण आम्हीच दिलेले. त्या वीसांत सगळ्यांनाच अठरा-एकोणीस मिळतात हे कोणापासून लपलेलं नाही. त्यावरून ऐंशीचा अंदाज काढणं म्हणजे थट्टा. आणि एक टक्का गुण वाढवून मिळतात हे कळलं तर पंधरा लाख मुलांचं डोकं एकाच दिवशी दुखेल. मुलीने स्वतः लिहावं आणि तिला तेवढेच गुण मिळावेत. फक्त लिहिताना ती शुद्धीवर असावी.

बोर्डाच्या परीक्षेबद्दल हे सगळं मी ठामपणे म्हणतो, कारण ती पात्रतेची परीक्षा आहे. स्पर्धा परीक्षेबद्दल तेवढं ठामपणे म्हणता येत नाही. तिथे क्रमांक लागतो, आणि एका मुलाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या जागेवर येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूमिका तर स्पष्ट आहे. कोविडमुळे मुख्य परीक्षेचे पेपर चुकलेल्या उमेदवारांच्या प्रकरणात आयोगाने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की आजार किंवा अपघात धरून कोणत्याही कारणाने ठरल्या दिवशी येऊ न शकलेल्यासाठी आयोग पुन्हा परीक्षा घेत नाही. कठोर आहे, पण सगळ्यांना आधीपासून माहीत असलेला कठोरपणा आहे.

नीटचं चित्र इतकं सरळ नाही. २०२१ च्या नीटमध्ये महाराष्ट्रातल्या दोन विद्यार्थ्यांना केंद्रावरच्या गोंधळामुळे न जुळणारी प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने या दोघांची परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. दोघांसाठी वेगळी परीक्षा घेतली तर सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचं तत्त्व मोडतं, असा त्याचा आशय होता. मुलांची चूक नव्हती, हे माहीत असूनही. हा निकाल माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो आणि मी तो टाळत नाही. पण त्याच न्यायालयाने आदल्या वर्षी, १३ सप्टेंबर २०२० ची नीट कोविडमुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रात असल्यामुळे चुकलेल्यांसाठी १४ ऑक्टोबरला वेगळी परीक्षा घ्यायला परवानगी दिली होती आणि ती झालीही. आणि २०२४ मध्ये पेपर सुरू व्हायला वेळ गेला म्हणून वाढीव गुण दिलेल्या १५६३ जणांचे ते गुण काढून त्यांना २३ जूनला पुन्हा बसायची मुभा मिळाली. ८१३ जण बसले. याचा अर्थ वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेपरवर मिळालेले गुण एकाच यादीत बसवणं अशक्य नाही. ते कधी करायचं आणि कधी नाही याचा लिहिलेला नियम तेवढा नाही, म्हणून दरवेळी वकील लागतो. ज्याच्या बापाला दिल्लीपर्यंत वकील परवडतो त्याचं आजारपण ऐकून घेतलं जातं.

एकाच दिवशी, एकाच पेपरवर होणाऱ्या नीटला वर्गातल्या आजारपणासाठी फेरपरीक्षा मी मागणार नाही. गेलेली वेळ परत देणं एवढंच मागेन, आणि तिथे तेवढंही मोठं आहे. पण आपल्या राज्याच्या सीईटीला हे कारण लागू पडत नाही. एमएचटी-सीईटी आठवडाभराहून जास्त दिवस, वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या पेपरांवर संगणकावर होते आणि मग पर्सेंटाइल काढून सगळे एका पट्टीवर आणतात. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी प्रश्नांत चुका सापडल्या तेव्हा त्या सत्रातल्या सुमारे सत्तावीस हजार विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घेतली, आणि तीही त्याच गुणवत्ता यादीत सामावली. यंत्रणेची चूक असेल तर सत्तावीस हजारांना आठ दिवसांत दुसरं सत्र मिळतं. मग वर्गात कोसळलेल्या एखाद्या मुलाला त्याच आठवड्यातलं पुढचं सत्र देणं म्हणजे त्याचं नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घालणं. सोमवारी कोसळला तर गुरुवारी बसेल. फक्त शेवटच्या दिवशी कोसळलेल्यासाठी एक राखीव सत्र ठेवावं लागेल.

सीबीएसईने दहावीसाठी २०२६ पासून वर्षात दोन परीक्षांचा रस्ता धरला आहे. पहिली सक्तीची, दुसरीत तीन विषयांपर्यंत सुधारणा. आजारी मुलाला याचा आपोआप फायदा होतो, कारण एका पेपरचा वाईट दिवस दुसऱ्या परीक्षेत पुसता येतो. पण पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना न बसलेल्याला दुसरी देता येत नाही. आठवडाभर दवाखान्यात पडलेल्या मुलाला हा दरवाजा बंदच. सगळ्यांना दोन संधी दिल्या की आजाऱ्याचा प्रश्न सुटला, असं समजू नये. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावीच लागते.

ती ओळ लिहिली जाईपर्यंत पालकांनी आणि केंद्रांनी काय करावं? मला विचाराल तर कागद त्याच दिवशी करावेत. मूल वर्गात आजारी पडलं तर केंद्राच्या नोंदीत वेळ लिहिली गेली का हे केंद्र संचालकाला पेपर संपताच विचारावं: किती वाजता बाहेर आणलं, किती वाजता परत गेलं, डॉक्टर कोण आले. डॉक्टरच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी. सरकारी दवाखाना जवळ असेल तर तिथलाच कागद करावा. दुसऱ्या दिवशी कॉलेजमार्फत विभागीय मंडळाला अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. यातून पेपर पुन्हा मिळेलच असं मी म्हणत नाही. पण निकालानंतर जूनमध्ये आणलेल्या सर्टिफिकेटकडे कुणी बघत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आजारपण आलं तर मात्र अजिबात घाबरू नये. तिथे आउट ऑफ टर्न आहे; विषय शिक्षकाला लगेच कळवावं.

ती मुलगी पुढे दुसऱ्या कॉलेजात गेली. दोन वर्षांनी एकदा स्टँडवर भेटली. बोलता बोलता म्हणाली, "सर, तेव्हा मी उठून घरी गेले असते तर?" मी तिला खरं ते सांगितलं, की तरी तू हजरच धरली गेली असतीस, उत्तरपत्रिका तशीच तपासली गेली असती, आणि पहिल्या पानातले सतरा-अठरा गुण मिळून तू कदाचित तरीही पास झाली असतीस. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे नापास व्हायचीसुद्धा सोय नव्हती."

त्या दिवशीच्या केंद्राच्या नोंदीत माझ्या अक्षरात शेरा आहे. बैठक क्रमांक, मग 'विद्यार्थिनीस उलट्या, १२.०५ ते १२.४५ उपचार, २.१० पर्यंत उपस्थित.' ही ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. पुढे ती कुणीतरी वाचेल अशी सोय असती तर मी ती नीट अक्षरात लिहिली असती.